हप्ता हलका कधी वाटायला लागतो?

प्रश्न: अकरा महिन्यांपूर्वी आम्ही घरासाठी 30 लाखांचं कर्ज घेतलं. मुदत 20 वर्षं, व्याज 8.5 टक्के, शेवटपर्यंत स्थिर. हप्ता 26 हजार. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 65 हजार. उरलेल्या 39 हजारांत घर बसेल असा हिशेब होता, आणि पहिले काही महिने बसलंही. आता बसत नाही. पुढच्या महिन्यात पगारवाढ आहे, दरवर्षीसारखी 6 टक्क्यांच्या आसपास. महागाईही तेवढीच. सासरे म्हणतात, "हप्ता वाढत नसतो, पगार वाढतो. पाच वर्षांत हप्ता जाणवणारही नाही." नवऱ्याचं म्हणणं, वाढेल तेवढा पगार कर्जात टाकून लवकर मोकळं व्हावं. मला दोघांचंही पुरतं पटत नाही. पगार महागाईएवढाच वाढणार असेल, तर आमच्या हाती नवीन काय लागणार?
— एक वाचक

उत्तर: तुम्ही पत्र लिहिलंत तो अख्ख्या वीस वर्षांतला बहुधा सगळ्यात ओढाताणीचा महिना आहे. पगार वर्षातून एकदाच वाढतो, भाव मात्र महिन्या-महिन्याला थोडेथोडे चढत राहतात. वर्षाला 6 टक्के म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा टक्का. 39 हजारांच्या खर्चावर ते 190च्या आसपास होतात. एका महिन्यात कोणाच्या लक्षातही येत नाही. पण अकरा-बारा महिने साचल्यावर तोच खर्च 41 हजारांच्या पुढे जातो, आणि तुमच्या हातात अजून 39 हजारच असतात. म्हणजे तुमचं काही चुकलेलं नाही, उधळपट्टीही झालेली नाही. हिशेब मांडला तेव्हा तो पहिल्या महिन्यापुरता बरोबर होता आणि पुढच्या अकरा महिन्यांना त्यात जागा नव्हती, एवढंच.

या पहिल्या वर्षातली सगळी तूट एकत्र केली तर 14 हजारांच्या आसपास भरते. वर्षाच्या सुरुवातीला शून्य, शेवटाला महिन्याला दोन हजारांच्या थोडी वर, सरासरी साधारण 1,170. रक्कम फार मोठी नाही, पण ती बाजूला काढलेली नसली की क्रेडिट कार्डावर जाऊन बसते आणि तिथलं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट असतं. तसं झालं असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी ते फेडा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पुढच्या महिन्यात पगार 6 टक्क्यांनी वाढून 68,900 होईल, म्हणजे 3,900 जास्त येतील. वर्षभरात महागाईनं घरखर्च 39 हजारांवरून 41,340 झालेला असेल, म्हणजे 2,340 जास्त लागतील. या दोन आकड्यांतला फरक 1,560. हा तुमच्या हाती लागलेला नवा पैसा. कुठून आला? पगार 65 हजारांवर वाढला, भाव मात्र 39 हजारांच्या खर्चावरच वाढले. मधल्या 26 हजारांना महागाई शिवलीच नाही. 26 हजारांचे 6 टक्के काढून पाहा, बरोबर 1,560 येतात. तुमच्या पगाराचा जो भाग हप्त्यात जातो, त्या भागावरची पगारवाढ महागाई खाऊ शकत नाही, म्हणून ती तुमच्याकडे उरते.

भाड्याच्या घरात राहिला असतात तर भाडंही भावांबरोबर चढलं असतं आणि पगारवाढीनंतर तुम्ही जिथल्या तिथे असता. सासऱ्यांना अनुभवातून कळलेली गोष्ट ती हीच. त्यांनी हिशेब मांडला नसेल, पण म्हणणं पायावर उभं आहे.

फक्त हे 1,560 पगारवाढीच्या दिवशीचे आहेत हे विसरू नका. दुसऱ्या वर्षीही भाव महिन्यागणिक चढणारच. सुरुवातीला 1,560 शिल्लक दिसेल, सातव्या-आठव्या महिन्यानंतर ती संपेल, आणि वर्ष सरताना पुन्हा नऊशेएक कमी पडायला लागतील. तिसऱ्या वर्षाचं चित्र वेगळं. वाढ मिळाल्यावर पगार 73 हजार, हप्ता जाऊन 47 हजार, खर्च 43,800. ही 3,200ची शिल्लक वर्षभराच्या भाववाढीला पुरून उरते. म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्यातसुद्धा ओढाताण झाली नाही असं तुम्हाला पहिल्यांदा तिसऱ्या वर्षी वाटेल. 'कधी हलकं वाटेल' याचं तुमच्यापुरतं खरं उत्तर हे.

पुढे काय होतं ते थोडक्यात. पगार आणि भाव दोन्ही 6 टक्क्यांनी चालत राहिले तर पाच वर्षांनी पगार 87 हजार होतो आणि हप्ता त्याच्या 40 ऐवजी 30 टक्के. दहा वर्षांनी 22 टक्के. शेवटच्या वर्षी पगार 1 लाख 96 हजारांच्या पुढे गेलेला असतो आणि हप्ता 13 टक्क्यांवर येतो. त्या वेळचे 26 हजार म्हणजे आजच्या भावानं जेमतेम 8,600. बँकेच्या वहीत हप्ता तोच, कागदावर एक पैसाही कमी नाही, पण तो भरायला सुरुवातीला महिन्यातले बारा दिवस राबावं लागत होतं, शेवटी चार दिवस पुरतात. हे आकडे निव्वळ महागाईचे आहेत. यात कोणाला बढती मिळालेली नाही, कोणी नोकरी बदललेली नाही. सासऱ्यांच्या आठवणीत बहुधा त्यांच्या बढत्याही मिसळलेल्या असणार, त्यामुळे त्यांना उतार जास्त तीव्र आठवत असेल. 'पाच वर्षांत जाणवणार नाही' हे मात्र जरा जास्तच झालं. पगारातले 30 टक्के चांगलेच जाणवतात.

इथे एक जागा आहे जिथे बहुतेक जण फसतात. हप्ता पगाराच्या किती टक्के आहे, हा आकडा सगळे पाहतात. कर्ज देणारेही तोच पाहतात. पण तो खाली आला म्हणजे घर सैल झालं, असं नाही. समजा महागाई 6 टक्के आहे आणि तुमचा पगार वाढतोय फक्त 3 टक्क्यांनी. पाच वर्षांनी पगार 75,350 होईल. हप्त्याचा वाटा 40 वरून साडेचौतीस टक्क्यांवर आलेला दिसेल आणि कोणीही म्हणेल, बघा, ओझं उतरलं. पण हप्ता देऊन हातात उरतील 49,350, आणि आजच्याच राहणीला तेव्हा लागतील 52,190. दर महिन्याला 2,800 कमी. वाटा घटला आणि घर आणखी आवळलं, दोन्ही एकाच वेळी खरं. म्हणून आकडा पाहायचा तो हप्ता दिल्यावर काय उरतं आणि त्यात गेल्या वर्षीची राहणी बसते का, याचा.

यातून एक सोपी चाचणी मिळते. हप्ता जाऊन तुमच्या पगाराचा 60 टक्के भाग उरतो. तेव्हा पगारवाढ महागाईच्या 60 टक्के इतकी असली तरी तुम्ही आहात तिथे टिकता. महागाई 6 असेल तर 3.6 टक्के. त्याच्या वर जे मिळेल ती खरी मोकळीक, त्याच्या खाली गेलात तर घसरण. हा उंबरठा कायमचा नाही. हप्त्याचा वाटा कमी होत जातो तसतसा तो वर सरकतो. पाच वर्षांनी पगाराचे 70 टक्के तुमच्याकडे राहत असतील, तर टिकायला 4.2 टक्के वाढ लागेल. स्थिर हप्ता महागाईपासून संरक्षण देतो ते सुरुवातीला सर्वात जास्त, नंतर कमी कमी होत जातं.

आणि महागाई म्हणजे तुमच्या घराची महागाई. जाहीर होणारा आकडा सरासरी कुटुंबाचा असतो. ज्या घरात शिक्षण किंवा औषधपाणी हा मोठा खर्च आहे, त्याची गोष्ट निराळी असू शकते. दर पगारवाढीला गेल्या तीन महिन्यांचा सरासरी घरखर्च काढा आणि वर्षापूर्वीच्या त्याच तीन महिन्यांशी लावून पाहा. तेच महिने घ्यायचे, कारण सणवार, शाळेची फी, विम्याचे हप्ते ठरावीक महिन्यांत येतात आणि तुलना बिघडवतात. नवीन हौस म्हणून वाढलेला खर्च वेगळा काढा. त्याला महागाई म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक.

आता सासऱ्यांच्या म्हणण्यातली राहिलेली अर्धी बाजू. महागाई तुमचा हप्ता झिजवते हे खरं, पण कर्ज देणारा काही झोपलेला नसतो. पुढे भाव वाढणार हे त्यालाही ठाऊक असतं, आणि त्याची भरपाई तो व्याजदरातच धरतो. 8.5 टक्के व्याजातून 6 टक्के महागाई वजा केली की खरं व्याज उरतं साधारण अडीच टक्के. नाममात्र व्याज आणि खरं व्याज यांतला हा फरक अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी नीट मांडला, म्हणून हे नातं त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

याचा तुमच्या हप्त्याशी संबंध असा. समजा जगात महागाईच नसती आणि व्याज तेवढं अडीच टक्केच असतं, तर याच 30 लाखांचा वीस वर्षांचा हप्ता 16 हजारांच्या आसपास बसला असता आणि वीस वर्षं तो तेवढाच जड राहिला असता. महागाईच्या जगात तुम्ही 26 हजारांपासून सुरुवात करता आणि आजच्या भावानं 8,600 पर्यंत उतरता. तुमचा हप्ता आजच्या भावानं 16 हजारांच्या खाली जातो तो नवव्या वर्षी. तोवर तुम्ही महागाईची भरपाई आगाऊ भरत असता, त्यानंतर ती वसूल करता. म्हणजे शेवटच्या वर्षांतला हलकेपणा फुकटचा नाही. त्याची किंमत तुम्ही आत्ता, या पहिल्या वर्षांत मोजताय, नेमकी पगार कमी असताना. स्थिर हप्त्याच्या कर्जाचं ओझं पुढच्या बाजूला कललेलं असतं. महागाई जितकी जास्त तितका हा कल मोठा, आणि म्हणूनच जास्त महागाईच्या काळात तरुण कुटुंबांना पहिला हप्ताच झेपत नाही, भले पुढचे सगळे झेपणार असोत.

कर्जदाराला खरा फायदा होतो तो महागाई अपेक्षेपेक्षा जास्त निघाली तर, आणि पगार तिच्याबरोबर चालला तर. अमेरिकेत 1960 च्या दशकात कमी व्याजानं तीस वर्षांची स्थिर दराची कर्जं घेतलेल्यांचं हेच झालं. 1974 मध्ये आणि पुन्हा 1979 ते 1981 मध्ये तिथली महागाई वर्षाला 10 टक्क्यांच्या वर गेली, पगार वाढले आणि त्यांचे हप्ते किरकोळ वाटायला लागले. तो तोटा ज्यांनी कर्जं दिली होती त्या बचतसंस्थांच्या माथी बसला. पण 1981 साली ज्यांनी नवं कर्ज घेतलं, त्यांना व्याज 18 टक्क्यांपर्यंत पडलं. जास्त महागाई चालूच राहील असं धरून ठरलेला तो दर होता. दोनच वर्षांत महागाई 4 टक्क्यांच्या खाली आली. हप्ता मात्र 18 टक्क्यांचा राहिला. त्यांच्यासाठी सुटका होती ती कमी व्याजाचं नवं कर्ज घेऊन जुनं फेडण्याची. कर्ज एकाच प्रकारचं, पण कोणत्या साली घेतलं त्यावर एकाचं नशीब उजळलं, दुसऱ्याला जाच झाला.

भाव आणि पगार उलटे खाली यायला लागले तर हेच यंत्र उलट फिरतं. 1930 च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेत तसं झालं. हप्ते तेच, मिळकत घटलेली. लोक जितकं फेडायची धडपड करत होते तितकं उरलेलं कर्ज जड होत होतं, असं फिशर यांनी 1933 साली लिहिलं. रोजच्या काळजीत घालण्याइतकी ही शक्यता मोठी नाही. पण 'पगार वाढतच असतो' हा कर्जाच्या करारातला कलम नाही, एवढं लक्षात असू द्या. नोकरी गेली तर तुमच्या बाबतीत ती महामंदीच.

करारावरून आठवलं. तुम्ही 'शेवटपर्यंत स्थिर' असं लिहिलंय. पुन्हा एकदा कागद काढून वाचा. कित्येक कर्जांत दर पहिली काही वर्षं स्थिर आणि पुढे बदलता असतो, आणि ते एका ओळीत लिहिलेलं असतं. बदलत्या दराच्या कर्जाला वरचा सगळा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, कारण महागाई वाढली की व्याजही वाढतं आणि झीज भरून निघते. त्यात आणखी एक चकवा आहे. पुष्कळदा दर वाढला तरी हप्ता तोच ठेवतात आणि मुदत लांबवतात. दर महिन्याला खात्यातून तेवढेच 26 हजार जात असल्यानं आपलं बरं चाललंय असं वाटतं, आणि तिकडे हप्त्यांची संख्या वाढत असते. तुमच्यासारख्या नव्या कर्जावर दर 10.4 टक्के झाला तर 30 लाखांचं महिन्याचं व्याजच 26 हजार होतं. मुद्दल हलतच नाही. त्याच्या पुढे गेला तर हप्ता भरूनही कर्ज वाढतं. हे ओळखायची खूण एकच, वर्षाच्या विवरणपत्रात बाकी मुद्दल आणि उरलेले हप्ते किती लिहिलेत ते पाहणं. काही देशांत तर हप्ता सरळ महागाईच्या निर्देशांकालाच बांधलेला असतो. चिलीत 1960 च्या दशकापासून आणि आइसलँडमध्ये 1979 पासून अशी कर्जं आहेत. तिथे सुरुवातीचा हप्ता हलका असतो आणि भावांबरोबर चढत जातो, त्यामुळे सासऱ्यांचं वाक्य तिथल्या कर्जदाराला लागूच पडत नाही.

तुमचा दर खरोखर स्थिर आहे असं धरून आता नवऱ्याच्या बेताकडे वळू. वाढलेला सगळा पगार कर्जात टाकायचा, म्हणजे पुढच्या महिन्यात 3,900. त्यातले 2,340 तर महागाईनं आधीच खाल्लेत. ते कर्जात टाकले तर घरखर्च आजच्या भावानं 39 हजारांवरून 37 हजारांच्याही खाली न्यावा लागेल, आणि पुढच्या वर्षी त्याहून खाली. दोन वर्षांत बेत मोडतो आणि वर भांडण होतं. कर्जात टाकण्याजोगे आहेत ते फक्त 1,560, म्हणजे हप्ता पगाराइतक्याच टक्क्यांनी वाढवायचा.

तेवढं केलं तरी परिणाम मोठा आहे. दरवर्षी हप्ता 6 टक्क्यांनी वाढवत नेला तर वीस वर्षांचं कर्ज साडेअकरा वर्षांत संपतं. पण त्याचा अर्थ, साडेअकरा वर्षं हप्ता पगाराच्या 40 टक्केच राहणार. महागाईनं जी मोकळीक दिली ती दरवर्षी तुम्ही हातानं परत करणार. आत्ताची ओढाताण, वर्षाच्या शेवटी येणारी ती तूटसुद्धा, साडेअकरा वर्षं जशीच्या तशी. मला हे पटत नाही. त्याऐवजी निम्मी मोकळीक घरात आणि निम्मी कर्जात, म्हणजे हप्ता दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढवला, तर कर्ज चौदा वर्षांत संपतं. पहिल्या निम्म्यानं सहा वर्षं वाचतात, उरलेल्या निम्म्यानं फक्त अडीच. तुमच्या घराची ताकद पाहता दुसऱ्या निम्म्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

उलट टोकाचा एक युक्तिवादही तुम्ही ऐकाल: पुढचे हप्ते तर स्वस्त पैशात जाणार आहेत, मग आजचा महाग पैसा कर्जात का घालायचा? ऐकायला बिनतोड वाटतं, पण त्यात अर्धाच हिशेब आहे. आज 1 लाख भरला तर त्यावरचं वीस वर्षांचं व्याज वाचतं, आणि चक्रवाढीनं मुद्दलासकट ते 5 लाख 40 हजारांच्या घरात जातं. ते स्वस्त पैशातले आहेत हे मान्य. आजच्या भावात आणले तरी 1 लाख 70 हजार भरतात. म्हणजे आगाऊ भरणं तोट्याचं नाही, पण चमत्कारही नाही. तुम्हाला महागाई आणि कर वजा जाता वर्षाला अडीच टक्क्यांहून थोडं जास्त, पक्कं मिळतंय. त्याहून जास्त, तितक्याच खात्रीनं देणारी दुसरी जागा तुमच्याकडे असेल तर पैसा तिथे ठेवा. साध्या ठेवीत सहसा ती मिळत नाही. कर्जाच्या व्याजावर करात सवलत मिळत असेल तर कर्जाचं खरं व्याज आणखी कमी होतं आणि घाई करण्यातलं स्वारस्यही.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. पुढच्या महिन्याचे 1,560 आणि नंतरच्या वर्षीची मोकळीक कर्जात अजिबात टाकली नसती. आधी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी 20 हजार वेगळे ठेवले असते. मग घरखर्च आणि हप्ता धरून निदान तीन महिन्यांची, म्हणजे तुमच्या हिशेबानं दोन लाखांची गंगाजळी हळूहळू जमवली असती. बोनस आला तर तोही तिकडेच. कर्जात आगाऊ भरलेला पैसा गरज पडली तर परत मागता येत नाही, आणि नोकरी गेली की बँक 'तुम्ही आधी जास्त भरलंय' म्हणून पुढचा हप्ता सोडत नाही. तिसऱ्या पगारवाढीपासून, वर्षभर तूट येत नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावर, हप्त्यात 3 टक्क्यांची वाढ सुरू केली असती. चौदाऐवजी पंधरा-सोळा वर्षं लागतील. लागू देत.

एका गोष्टीत नवऱ्याच्या भीतीला मात्र आधार आहे. मोकळा झालेला पैसा दिसत नाही, तो जिरतो. पाचव्या-सहाव्या वर्षी हप्ता 30 टक्क्यांवर आला की बँका स्वतः होऊन नव्या कर्जाचे निरोप पाठवायला लागतात, गाडीचं घ्या, घराच्या सजावटीचं घ्या. नव्या कर्जाचा पहिला हप्ता त्या वेळच्या पूर्ण वजनाचा असतो. त्याला अजून महागाईनं हात लावलेला नसतो. तो घेतला की पाच वर्षांत मिळवलेली मोकळीक एका सहीनं गेली. नवऱ्याला नेमकं हेच टाळायचं असेल तर त्यांना तसं स्पष्ट बोलू द्या. त्यासाठी सगळा पगार कर्जात कोंबायची गरज नाही. पगारवाढीच्या दिवशीच मोकळीक वेगळ्या खात्यात जाईल अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवलीत तरी काम भागतं.

जादा भरायला सुरुवात कराल तेव्हा बँकेला दोन गोष्टी लेखी विचारा. स्थिर दराच्या कर्जात आगाऊ रक्कम भरण्यावर शुल्क आहे का? असलं, आणि दोन-तीन टक्के असेल तर एका वर्षाचा सगळा खरा फायदा त्यातच जातो. दुसरं, जादा रकमेनंतर ते मुदत कमी करतात की हप्ता? वरचे साडेअकरा आणि चौदा वर्षांचे आकडे मुदत कमी केली तरचे आहेत. काही ठिकाणी तुम्ही काही सांगितलं नाहीत तर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात, आणि काही ठिकाणी जादा रक्कम नुसती पुढच्या महिन्याचा हप्ता म्हणून जमा करतात. तसं झालं तर मुद्दल लगेच कमी होत नाही. पहिली जादा रक्कम भरल्यावर पुढच्याच महिन्यात बाकी मुद्दल तेवढ्यानं उतरलंय का ते विवरणपत्रावर पाहा. उतरलं नसेल तर दुसरी रक्कम भरण्याआधी शाखेत जाऊन दुरुस्ती करून घ्या.